नेता की लोकचळवळ? सहाशे शब्दांत हे तोलायचं कसं

मंजिरी_इतिहास
अकरावी-बारावीला इतिहास शिकवते. दरवर्षी एक निबंध लिहायला देते: ‘ऐतिहासिक बदल नेते घडवतात की लोकचळवळी?’ मर्यादा सहाशे शब्द. आणि दरवर्षी बहुतेक वह्यांमध्ये शेवटी तेच येतं, टाळी एका हाताने वाजत नाही, दोन्ही तितकेच महत्त्वाचे. मधल्या पाचशे शब्दांत दहा नेत्यांची नावं आणि सहा क्रांत्या. कुठलीच गोष्ट तपासलेली नसते.

म्हणून यंदा ठरवलं की एकच घटना घ्यायची. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात कृष्णवर्णीयांनी बसमधल्या भेदभावाच्या वागणुकीविरुद्ध केलेला बसबहिष्कार, डिसेंबर १९५५ ते डिसेंबर १९५६. वर्गात मुलांपुढे फक्त एका दिवसाचा घटनाक्रम ठेवला. सोमवार, ५ डिसेंबर १९५५. सकाळी शहरातल्या बस कृष्णवर्णीय प्रवाशांविना जवळजवळ रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी दुपारी बहिष्कार चालवण्यासाठी संघटना स्थापन झाली आणि तिच्या अध्यक्षपदी तिथले पाद्री मार्टिन ल्यूथर किंग यांची निवड झाली. वय २६. म्हणजे बहिष्कार सकाळी यशस्वी झाला, नेता दुपारी मिळाला.

अर्धा वर्ग म्हणाला, झालं की मग, किंग नसते तरी चाललं असतं. मला हा निष्कर्ष घाईचा वाटतो. पण घाईचा का, हे सतरा वर्षांच्या मुलाला नीट कसं दाखवायचं? इथल्या जाणकारांना विचारते आहे.

राजस
मुलं बरोबर बोलतायत. एक साधी शिवणकाम करणारी बाई दिवसभराच्या कामाने दमली होती, बसमध्ये गोऱ्या प्रवाशासाठी जागेवरून उठली नाही, तिला अटक झाली, आणि सगळं शहर पेटलं. ठिणगी पडायची वेळ आली की पडतेच. नेते नंतर येऊन पुढे उभे राहतात.

शोधयात्री
राजस, तुमचं अर्धं बरोबर आहे. लोक किंग यांच्या आधी उभे राहिले हे खरं. पण ‘दमलेली बाई आणि ठिणगी’ हे चित्र टिकत नाही, आणि नेमकं तिथेच या प्रश्नाचं मर्म आहे.

रोझा पार्क्स शिवणकाम करायच्या, पण त्याचबरोबर त्या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या स्थानिक शाखेच्या सचिव होत्या. त्याच उन्हाळ्यात त्या एका कार्यकर्ता शिबिराला जाऊन आल्या होत्या. आणि जागा न सोडल्याबद्दल अटक झालेल्या त्या पहिल्या नव्हत्या. मार्च १९५५ मध्ये क्लॉडेट कोल्विन या पंधरा वर्षांच्या मुलीला त्याच कारणासाठी अटक झाली, ऑक्टोबरमध्ये मेरी लुईस स्मिथला. त्या दोन्ही वेळा शहर पेटलं नाही. ठिणगीच पुरेशी असती तर मार्चमध्येच आग लागायला हवी होती.

आता पार्क्स यांना अटक झाली ती १ डिसेंबरची रात्र पाहा. जो अ‍ॅन रॉबिन्सन या तिथल्या कॉलेजात इंग्रजी शिकवायच्या आणि शहरातल्या कृष्णवर्णीय महिलांच्या राजकीय परिषदेच्या अध्यक्ष होत्या. बसच्या वागणुकीबद्दल बहिष्कार होऊ शकतो, असं पत्र त्यांनी महापौरांना २१ मे १९५४ रोजीच लिहिलं होतं. म्हणजे दीड वर्ष आधी. पार्क्स यांच्या अटकेची बातमी कळल्यावर रात्री उशिरा त्या एका सहकाऱ्याला आणि दोन विद्यार्थ्यांना घेऊन कॉलेजात गेल्या, स्टेन्सिल कापली आणि पहाटेपर्यंत सायक्लोस्टाइलवर हजारो पत्रकं काढली. एका कागदावर तीनदा तोच मजकूर, मग कागदाचे तीन तुकडे. शुक्रवारी सकाळपासून ती शाळांमधून, दुकानांमधून वाटली गेली. कोणी कुठे वाटायची याचे मार्ग परिषदेने आधीच ठरवून ठेवले होते.

सोमवारी सकाळी रिकाम्या धावलेल्या बसमागे ही रात्र होती. तिला ‘उत्स्फूर्त जनता’ म्हणता येत नाही आणि ‘महान नेता’ही म्हणता येत नाही. ताई, मुलांच्या निबंधात नेता आणि जनता हे दोनच रकाने असतात. रॉबिन्सन कुठल्या रकान्यात टाकायच्या, हे त्यांना ठरवायला सांगा.

सुधाकर_मो
नेता जन्मावाच लागतो हे माझं ठाम मत. वक्तृत्व, निर्णयशक्ती, दूरदृष्टी हे गुण अंगभूत असतात. शिबिरं घेऊन नेते तयार होत नाहीत. मुलांना हे जरूर शिकवा.

मंजिरी_इतिहास
सुधाकरकाका, नेता कसा घडतो हा वेगळा विषय झाला. इथे प्रश्न असा आहे की एखादा बदल झाला, तर त्यातलं किती श्रेय त्याचं हे कशावरून ठरवायचं.

शोधयात्री, रॉबिन्सन यांचं नाव आमच्या क्रमिक पुस्तकात नाहीच. का नसावं?

शोधयात्री
एक कारण अगदी व्यावहारिक आहे. त्यांचं कॉलेज राज्य सरकारच्या पैशावर चालायचं. पत्रकावर नाव आलं असतं तर नोकरी गेली असती आणि कॉलेजही अडचणीत आलं असतं. म्हणून त्या जाणूनबुजून मागे राहिल्या. पाद्री लोकांचं तसं नव्हतं. त्यांचा पगार त्यांच्या चर्चचे लोक देत, गोऱ्या मालकाच्या हातात त्यांची भाकरी नव्हती. पुढे कोण दिसणार हे बरंचसं यावर ठरलं.

दुसरं कारण साधनांचं. किंग यांनी स्वतः लिहिलेली हकिगत १९५८ मध्ये छापून आली, रॉबिन्सन यांची आठवण १९८७ मध्ये. मधल्या जवळपास तीस वर्षांत जी पाठ्यपुस्तकं लिहिली गेली, त्यांच्या हाताशी काय होतं ते बघा. नेत्याचं पारडं जड दिसतं ते काही वेळा कागद त्याच्याकडे जास्त असतात म्हणून.

वैदेही
हे सगळं मान्य, पण आता आपण किंग यांना फारच सहज बाजूला सारतोय. सुरुवात कोणी केली यावर इतका भर का? तो बहिष्कार एका दिवसाचा ठरला होता. चालला ३८१ दिवस. पहिल्या दिवसाचं श्रेय आणि तीनशेएक्याऐंशीव्या दिवसाचं श्रेय एकाच मापाने कसं मोजणार?

किंग यांची निवड झाली त्यामागे मोठं कर्तृत्व नव्हतं, हे खरंच आहे. ते १९५४ मध्ये तिथल्या एका चर्चमध्ये आले होते, शहरात नवे होते, कुठल्या गटाशी भांडण नव्हतं, कोणाचे मिंधे नव्हते. दुसरं कोणी निवडलं गेलं असतं हेही शक्य होतं. पण निवड योगायोगाने झाली म्हणून पुढची कामगिरीही कोणाकडूनही झाली असती, असं होत नाही.

३० जानेवारी १९५६ ची रात्र घ्या. किंग सभेत होते आणि त्यांच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. पत्नी आणि काही आठवड्यांची मुलगी घरात होत्या, दोघी वाचल्या. किंग घरी पोचले तेव्हा अंगणात संतापलेला जमाव होता, काहींच्या हातात शस्त्रं होती. महापौर आणि पोलीस आयुक्त तिथेच उभे. एक दगड, एक गोळी, आणि शहराला जे हवं होतं ते मिळालं असतं: दंगल, लष्कर, बहिष्कार मोडला. किंग फुटलेल्या व्हरांड्यात उभे राहिले आणि लोकांना शस्त्रं घेऊन घरी जायला सांगितलं. लोक गेले. त्या क्षणी पर्याय दोन्ही खुले होते आणि एका माणसाच्या शब्दावर फरक पडला. व्यक्तीची भूमिका मोजायची तर अशा क्षणी मोजा.

राजस
पण वैदेही, लोकांनी ऐकलं म्हणून ते शब्द चालले ना? न ऐकणारा जमाव असता तर किंग काय करणार होते?

वैदेही
ऐकलं, कारण जवळपास दोन महिने आठवड्यातून दोनदा त्याच माणसाला सभेत ऐकत होते. तो विश्वास त्या रात्री आला नव्हता, साठत गेला होता. आणि तो साठवण्यात लोकांचा वाटा होता हे मी नाकारत नाहीये.

जुना_संपकरी
इतिहास माझा विषय नाही, पण संप काय असतो ते माहीत आहे. आमच्या कारखान्यातल्या मोठ्या संपात पुढारी पहिल्याच आठवड्यात निलंबित झाले, गेटवर यायलाही बंदी. सगळ्यांना वाटलं संपलं. टिकलो ते कशावर? आमच्यातल्या एका स्टोअरकीपरने वही केली होती. कोणाच्या घरी धान्य आहे, कोणाच्या घरी आजारी माणूस, कोणाचा हप्ता थकलाय. वर्गणी त्या वहीवरून वाटली जायची. भाषणाने माणूस गेट मीटिंगला येतो, पण महिना संपल्यावर कामावर परत जायचं की नाही हे घरचा डबा ठरवतो. तिथे माँटगोमेरीत लोक वर्षभर कामावर कसे गेले हे कोणी सांगेल का? मला त्यातच जास्त रस आहे.

शोधयात्री
काका, तुमची वही तिथेही होती.

बसच्या प्रवाशांपैकी सुमारे तीन चतुर्थांश कृष्णवर्णीय होते आणि त्यातले बरेच लांब घरकामाला जायचे. सुरुवातीला कृष्णवर्णीय टॅक्सीचालकांनी बसइतकंच, म्हणजे दहा सेंट भाडं घेतलं. शहराने लगेच पंचेचाळीस सेंटचा किमान दर सक्तीने लागू करायला घेतला. मग खासगी गाड्यांची व्यवस्था उभी राहिली. सुमारे तीनशे गाड्या, ठरलेले थांबे, ठरलेल्या वेळा. पुढे चर्चच्या नावाने मोठ्या गाड्या घेतल्या. त्यांचे विमे स्थानिक दबावाने रद्द होऊ लागले, तेव्हा थेट लंडनच्या लॉइड्सकडून विमा काढला. जॉर्जिया गिलमोर नावाच्या बाईंनी बायकांचा एक गट केला, घरी जेवण आणि केक करून विकायचे आणि पैसे सभेत आणून द्यायचे. गटाचं नावच असं ठेवलं की पैसे कुठून आले हे सांगावं लागू नये, कारण देणाऱ्या बायका गोऱ्यांच्या घरी कामाला होत्या.

यात किंग यांचा भाग कुठे? गाड्यांची युक्ती त्यांची नव्हती. १९५३ च्या जूनमध्ये बॅटन रूज या शहरात असाच बसबहिष्कार झाला होता, तिथले पाद्री टी. जे. जेमिसन यांना फोन करून त्यांनी तपशील विचारून घेतला. पण त्यांचं नाव देशभर गेल्यावर बाहेरून पैसा यायला लागला, आणि इतक्या गाड्यांचं पेट्रोल केवळ केक विकून भागलं नसतं. एकाच व्यवस्थेत दोघांचे हात असे गुंतलेले आहेत.

अ‍ॅड_कुलकर्णी
सगळे एक गोष्ट विसरताय. बसमधला वर्णभेद शेवटी बहिष्काराने गेला नाही, खटल्याने गेला. फ्रेड ग्रे या तरुण वकिलाने १ फेब्रुवारी १९५६ ला दावा दाखल केला. जूनमध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोन विरुद्ध एक मतांनी बसमधली वेगळी आसनव्यवस्था घटनाबाह्य ठरवली. १३ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. त्याच दिवशी स्थानिक न्यायालयाने गाड्यांच्या व्यवस्थेवर बंदी घातली! म्हणजे चळवळीचा कणा मोडला जात असताना कायद्याने तिला वाचवलं. दाव्यात वादी किंगही नव्हते आणि पार्क्सही नव्हत्या. निकालापर्यंत टिकलेल्या चार बायका होत्या, त्यातली एक तीच कोल्विन. बहिष्कार नसता तरी हा दावा जिंकता आला असता. मग नेता की जनता हा प्रश्नच गैरलागू ठरतो.

वैदेही
कुलकर्णीसाहेब, दावा जिंकता आला असता हे ठीक, पण दाखल झाला असता का? कोल्विनला मार्चमध्ये अटक झाली होती, तेव्हा झाला नाही. दाव्यात पाचवी एक वादी होती, तिने दबाव आल्यावर लगेच नाव मागे घेतलं. उरलेल्या चौघी टिकल्या त्या सगळं शहर पाठीशी असताना.

शिवाय चळवळीच्या पहिल्या मागण्या वाचा. वर्णभेद संपवा असं त्यात नव्हतंच! चालकांनी नीट वागावं, गोऱ्यांनी पुढून आणि कृष्णवर्णीयांनी मागून बसत यावं पण बसलेल्याला उठवू नये, आणि कृष्णवर्णीय वस्तीच्या मार्गांवर कृष्णवर्णीय चालक नेमावेत. एवढंच. शहराने हेही नाकारलं, वर घरावर बॉम्ब पडला, आणि मग दोन दिवसांत दावा. शहराने त्या मवाळ मागण्या डिसेंबरमध्येच मान्य केल्या असत्या तर? समोरच्याच्या हट्टाचाही इतिहासात वाटा असतो, तो मुलं कधीच लिहीत नाहीत.

अ‍ॅड_कुलकर्णी
मुद्दा चांगला आहे. तरी शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवणाऱ्या १७ मे १९५४ च्या निकालानंतर असा दावा कुठल्या ना कुठल्या शहरातून येणारच होता, या मतावर मी ठाम आहे.

शोधयात्री
येणार होता हे शक्य आहे. पण निकाल आपोआप रस्त्यावर उतरत नाही. त्याच राज्यातल्या बर्मिंगहॅममध्ये डिसेंबर १९५६ मध्ये लोक बसमध्ये पुढे बसायला निघणार, त्याच्या आदल्या रात्री तिथले पाद्री शटल्सवर्थ यांच्या घराखाली बॉम्ब फुटला. निकाल तोच होता. माँटगोमेरीत २१ डिसेंबरला लोक बसमध्ये बसले तेव्हा वर्षभर एकत्र राहिलेलं शहर त्यांच्यामागे होतं. तिथेही नंतर गोळीबार आणि स्फोट झाले, पण लोक मागे हटले नाहीत.

राजस
एक वेगळी बाजू मांडतो. नेत्याची ताकद मोजायची तर त्याने काय सुरू केलं हे पाहू नये, तो काय थांबवू शकला हे पाहावं. १९२२ मध्ये चौरीचौरा झालं आणि गांधींनी असहकाराचं आंदोलन मागे घेतलं. देशभर लोक तयार होते, तुरुंगातले मोठमोठे नेते नाराज होते, तरी थांबलं. ही एका व्यक्तीची ताकद. आणि १९४२ मध्ये ९ ऑगस्टच्या पहाटे सगळे नेते पकडले गेले तरी आंदोलन चाललं. ही लोकांची.

शोधयात्री
राजस, हा फार कामाचा निकष आहे. तो माँटगोमेरीला लावून बघा.

जानेवारी १९५६ मध्ये शहराच्या आयुक्तांनी एक डाव टाकला. तीन कृष्णवर्णीय पाद्र्यांशी बोलणी करून समझोता झाला, बहिष्कार संपला, अशी बातमी रविवारच्या वर्तमानपत्रात यायची व्यवस्था केली. ते तिघे चळवळीच्या संघटनेतले नव्हते. शनिवारी रात्री एका बाहेरगावच्या पत्रकाराकडून किंग यांना हे कळलं. मग ते आणि त्यांचे सहकारी रात्रीच बाहेर पडले, दारूच्या गुत्त्यांपर्यंत जाऊन सांगून आले की बातमी खोटी आहे. सकाळी प्रत्येक चर्चमध्ये तेच जाहीर झालं. सोमवारी बस रिकाम्याच. म्हणजे पाद्री आहे, प्रतिष्ठित आहे, म्हणून कोणीही ते थांबवू शकत नव्हता.

आता बॅटन रूज. तिथेही लोक तयार होते, गाड्या होत्या, सभांना हजारो येत होते. आठवडाभरात जेमिसन यांनी तडजोड स्वीकारली: पुढची दोन आसनं गोऱ्यांना राखीव, सर्वांत मागचं लांब आसन कृष्णवर्णीयांना, मधल्या जागा आधी येईल त्याला. सभेतल्या बऱ्याच लोकांना पुढे चालू ठेवायचं होतं. पण नेत्याने थांबवलं आणि थांबलं. अडीच वर्षांच्या अंतराने दक्षिणेतली दोन शहरं, तयारीही बरीचशी सारखी, पण एक आठवड्यात मिटलं आणि दुसरं ३८१ दिवस चाललं.

फरक सगळा नेत्याचा असं मात्र मी म्हणणार नाही. मधे १९५४ चा निकाल येऊन गेला होता, आणि माँटगोमेरीच्या आयुक्तांनी बॅटन रूजइतकी तडजोडही देऊ केली नाही. ती दिली असती तर किंग यांनी घेतली असती का, हे पहिल्या मागण्या पाहता सांगणं अवघड आहे.

केतकी_बारावी
मॅडम, मी तुमच्याच वर्गातली नाही, पण आम्हालाही हाच निबंध आहे. एवढं सगळं सहाशे शब्दांत कसं बसवायचं? आणि शेवटी ‘मत’ लिहायचं असतं, ते काय लिहू?

मंजिरी_इतिहास
केतकी, सगळं बसवायचंच नाही. या चर्चेतून मी माझ्या वर्गाला हे सांगणार आहे: वर्षभरातले तीनच क्षण निवडा. १ डिसेंबरची सायक्लोस्टाइलची रात्र, जानेवारीतली खोट्या समझोत्याची रात्र, आणि ३० जानेवारीचा व्हरांडा. प्रत्येक ठिकाणी एकच विचारा: इथे वेगळं काही घडू शकत होतं का, आणि ते कोणामुळे घडलं नाही? प्रत्येकाला दीडशे शब्द. मग शंभर शब्द बॅटन रूजला, कारण तुलना नसेल तर ‘किंग नसते तर’ हे नुसतं कल्पनेत राहतं. उरलेले पन्नास मतासाठी. तिथे ‘दोन्ही महत्त्वाचे’ न लिहिता कुठल्या टप्प्यावर कोण जास्त, हे लिही. उदाहरणार्थ: ‘बहिष्कार सुरू करण्यात किंग यांचा वाटा जवळपास नाही, तो अहिंसक ठेवण्यात मोठा आहे, आणि रोज कामावर जाण्यायेण्याची सोय लावण्यात तो अनेकांपैकी एकाचा आहे.’ असं वाक्य कोणी खोडून काढायला निघालं तर त्याला पुरावा आणावा लागेल. तुझं मत माझ्यापेक्षा वेगळं असलं तरी चालेल.

जुना_संपकरी
ताई, गाड्यांना एक परिच्छेद द्या हो. तीन क्षण म्हणजे तीन रात्री झाल्या. ३८१ सकाळी कुठे गेल्या?

मंजिरी_इतिहास
काका, खरंय. व्हरांड्याचे पन्नास शब्द कमी करून गिलमोरबाईंना देते.

वैदेही
व्हरांड्याचे नका कमी करू! बॅटन रूजचे करा.

अ‍ॅड_कुलकर्णी
आणि त्या चार वादींना एक ओळसुद्धा नाही? निकालावर नावं त्यांची आहेत. ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅकडोनल्ड, क्लॉडेट कोल्विन, मेरी लुईस स्मिथ. निदान कोल्विन तरी पहिल्या परिच्छेदात घ्या. मार्चमध्ये अटक झाली तेव्हा तिच्यासाठी बहिष्कार झाला नाही, आणि पुढच्या मे महिन्यात न्यायालयात साक्ष द्यायला तीच उभी राहिली. ती नेता की जनता, हे तुमच्या मुलांना सांगू द्या.